शेवटच्या परिच्छेदात बदलणारा सूर

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावर बिडकीन लागते. दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेतला मोठा औद्योगिक पट्टा या गावाच्या परिसरात उभा राहतो आहे. सुमारे ७,८५५ एकरांच्या या क्षेत्राचे लोकार्पण २९ सप्टेंबर २०२४ रोजी झाले. नकाशावर हा पट्टा एकसलग दिसतो. पण तो तयार होण्याआधी ही जमीन हजारो सातबाऱ्यांत वाटलेली होती, आणि एवढ्या जमिनीचे संपादन म्हणजे प्रत्येक खातेदाराच्या घरी पत्रे जाणे. मोजणीचे पत्र, सुनावणीचे पत्र, मावेजाचे पत्र. कारखान्याची पहिली वीट बसण्याच्या कितीतरी आधी सरकार आणि शेतकरी यांची गाठ पडते ती या कागदांवर.

अशा पत्रांच्या मसुद्यात एक दोष वारंवार आढळतो. सुरुवातीला पत्र माणसाशी बोलत असते, पण शेवटच्या परिच्छेदाशी येताच त्याचा आवाज बदलतो. लिहिणाऱ्याला हा बदल सहसा जाणवत नाही. वाचणाऱ्याला मात्र तेवढाच लक्षात राहतो. सही होण्याआधी हा दोष कसा पकडायचा, ते एका मसुद्यावर पाहू. हा मसुदा कोणत्याही एका कार्यालयाचा नाही. मराठवाड्यात भूसंपादनाचा कागद हाताळलेल्या कोणालाही ओळखीची वाटतील अशी वाक्ये घेऊन तो या प्रकरणासाठी रचला आहे.

विषय आहे मावेजा वाटपासाठी कागदपत्रे सादर करण्याचा. मजकूर असा:

“आपण आपली जमीन प्रकल्पासाठी देत आहात, याची आम्हाला पूर्ण जाणीव आहे. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन सोडणे सोपे नसते. आपल्याला पूर्ण मावेजा वेळेत मिळावा, म्हणून आमचे कर्मचारी आपल्या गावातच शिबिर घेत आहेत.

“शिबिर येत्या मंगळवारी सकाळी ११ वाजता ग्रामपंचायत कार्यालयात होईल. येताना सातबारा, आठ-अ, बँक पासबुकाची प्रत व आधार कार्ड आणावे. खातेदार हयात नसल्यास वारसांची नावे सातबाऱ्यावर असणे आवश्यक आहे.

“सदर मुदतीत कागदपत्रे सादर न केल्यास संबंधितांचे काहीएक म्हणणे नाही असे गृहीत धरून मावेजाची रक्कम न्यायालयात जमा करण्यात येईल व जमिनीचा ताबा घेण्यात येईल. त्यानंतर कोणतीही तक्रार विचारात घेतली जाणार नाही. होणाऱ्या परिणामांची सर्वस्वी जबाबदारी संबंधितांची राहील, याची नोंद घ्यावी.”

पहिला परिच्छेद लिहिणाऱ्याने शेतकऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले आहे. तिसरा परिच्छेद लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे शेतकरी नाही, फाइल आहे. पण ‘थोडे कडक वाटते’ एवढ्यावर थांबले तर मसुदा दुरुस्त होत नाही. बदल नेमका कुठे आणि कशाने झाला, हे दाखवता यायला हवे.

त्यासाठी सर्वांत उपयोगी पडते ते प्रत्येक वाक्यातल्या माणसांची मोजदाद करणे. कागदाच्या कडेला दोन रकाने आखावेत. एकात करणारा कोण ते लिहावे, दुसऱ्यात ते कोणाला उद्देशून आहे ते. पहिल्या परिच्छेदात ‘आपण’ आहेत, ‘आम्ही’ आहोत, ‘आमचे कर्मचारी’ आहेत. दुसऱ्यात शिबिर आणि कागद आले आणि ‘आपण’ नाहीसे झाले, पण ‘आणावे’ या क्रियापदात समोरचा माणूस अजून शिल्लक आहे. तिसऱ्यात दोन्ही रकाने जवळजवळ रिकामे राहतात. रक्कम कोण जमा करणार, ताबा कोण घेणार, तक्रार कोण ऐकणार नाही, यातल्या एकाही वाक्याला कर्ता नाही. आणि ज्याला वर ‘आपण’ म्हटले, तोच खाली ‘संबंधित’ झाला आहे.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. ‘करण्यात येईल’ हा प्रयोग मुळातच थंड नसतो. ‘शिबिरात चहापाण्याची सोय करण्यात येईल’ हे वाक्य कोणाला बोचत नाही. कर्ता लपवणे खुपते ते वाक्य कोणाचे तरी नुकसान सांगत असते तेव्हा. देताना ‘आम्ही’ आणि घेताना कोणीच नाही, अशी वाटणी मसुद्यात झाली की वाचणाऱ्याला वाटते, चांगल्या गोष्टीचे श्रेय घेणारे कार्यालय वाईट गोष्टीच्या वेळी मागे सरकले. म्हणून रकाने भरताना नुकसानीच्या वाक्यांवर वेगळी खूण करावी आणि कर्ता नेमका तिथेच गळाला आहे का, ते पाहावे.

दुसरी खूण आणखी ठोस आहे. तिसरा परिच्छेद ‘सदर मुदतीत’ असा सुरू होतो, पण वर मुदत कुठेच दिलेली नाही. शिबिराचा एक दिवस दिला आहे, तो मुदत होत नाही. म्हणजे हा परिच्छेद या पत्रासाठी लिहिलेलाच नाही. तो आधीच्या एखाद्या नोटिशीतून उचललेला आहे आणि त्या नोटिशीत मुदत असणार.

कार्यालयात असे का घडते, हे समजण्यासारखे आहे. पत्राची सुरुवात प्रत्येक वेळी नवी लिहावी लागते, कारण विषय नवा असतो. शेवट मात्र तयार मिळतो. लिपिक जुनी फाइल काढतो, ‘मागील पत्राप्रमाणे’ खालचा परिच्छेद उतरवतो आणि मसुदा मान्यतेसाठी वर पाठवतो. पुढचा प्रत्येक जण वरचा नवा मजकूर बारकाईने वाचतो. खालचा परिच्छेद आधी कधीतरी मंजूर झालेला असल्यामुळे त्यावरून नजर नुसती फिरते. शिवाय या वाक्यांना वयही आहे. राज्यस्थापनेनंतर १९६० मध्ये भाषा संचालनालय सुरू झाले आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला राज्यकारभारात कायद्याचे स्थान मिळाले. इंग्रजीत चाललेला कारभार मराठीत आणायचा, तर शेकडो ठरावीक प्रयोगांना मराठी पर्याय द्यावे लागणारच होते. ते काम गरजेचे होते आणि ते झाले. पण त्यातले पुष्कळ प्रयोग एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाणाऱ्या टिप्पणीसाठी होते. तेच पुढे घराघरांत जाणाऱ्या पत्रांतही रुजले.

उचललेला परिच्छेद ओळखायच्या आणखी काही जागा आहेत. त्यात वर न आलेल्या गोष्टींचा उल्लेख असतो. वर ‘मावेजा’ असेल तर खाली अचानक ‘मोबदला’ किंवा ‘नुकसानभरपाई’ येते. संगणकावर अक्षराचा आकार किंचित वेगळा दिसतो. वाक्ये लांबतात. आपल्या मसुद्यात पहिल्या परिच्छेदातले सर्वांत लांब वाक्य तेरा शब्दांचे आहे, तर तिसऱ्यातले पहिलेच वाक्य चोवीस शब्दांचे आहे आणि त्यात अट, गृहीतक आणि दोन परिणाम कोंबलेले आहेत.

थंड शेवटाबद्दल सर्वांत गंभीर गोष्ट सुराच्या पलीकडची आहे. असा परिच्छेद पुष्कळदा चुकीचा असतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम १९६१ च्या कलम ३२ मध्ये संपादनाचा क्रम दिला आहे. आधी जमीनधारकाला नोटीस देऊन, जमीन का घेऊ नये याचे कारण मांडायची संधी द्यावी लागते. त्याचे म्हणणे ऐकावे लागते. मग अधिसूचना निघते. त्यानंतर ताबा देण्याची नोटीस बजावली जाते आणि तिच्यात ३० दिवसांची मुदत असते. ती मुदत संपूनही ताबा मिळाला नाही, तरच पुढची सक्तीची पायरी येते. आता मसुद्यातले वाक्य पुन्हा पाहा. शिबिरात कागद न आणल्याचा परिणाम म्हणून जमिनीचा ताबा घेण्यात येईल, असे ते म्हणते. कागद आणणे आणि ताबा देणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. एकीतली चूक म्हणजे दुसरीचे कारण नव्हे. ‘कोणतीही तक्रार विचारात घेतली जाणार नाही’ हे तर त्याहून वाईट, कारण मावेजाच्या निर्णयावर न्यायालयात दाद मागण्याची तरतूद त्याच अधिनियमात आहे. कायद्याने दिलेली वाट कारकुनी वाक्याने बंद होत नाही, पण शेतकऱ्याला ती बंद झाल्यासारखी वाटते आणि तो जातच नाही.

वरचे लेखन जपून केलेले आणि खालचे तपासलेलेच नाही, यामुळे धमकी प्रत्यक्ष अधिकारापेक्षा मोठी होऊन बसते. म्हणून मसुदा तपासणाऱ्याने शेवटच्या परिच्छेदातल्या प्रत्येक परिणामापुढे एक प्रश्न लिहावा: हे करण्याचा अधिकार या कार्यालयाला, या कारणासाठी, या दिवशी आहे का? उत्तर ‘नाही’ आले की ते वाक्य गाळता येते आणि निम्मा गारठा तिथेच जातो.

उरलेला निम्मा कोणावर पडतो, तेही पाहिले पाहिजे. ज्याचे कागद पूर्ण आहेत, तो मंगळवारी पिशवी घेऊन येतो. त्याला तिसऱ्या परिच्छेदाने फारसा फरक पडत नाही. पण वडील वारले आहेत, सातबाऱ्यावर अजून त्यांचेच नाव आहे, एक बहीण जालन्याला आणि दुसरी पुण्याला दिली आहे, अशा घरात हेच पत्र वेगळे ऐकू येते. वारसाचा फेरफार चावडीवर अर्ज दिला की त्याच दिवशी मंजूर होत नाही. नोंद घेतल्यावर हरकतींसाठी १५ दिवस द्यावे लागतात. म्हणजे आठवड्याभरावर आलेल्या मंगळवारी हा माणूस कितीही धावला तरी अट पुरी करू शकत नाही. शेवटचा परिच्छेद लिहिला गेला हलगर्जी माणसाला डोळ्यांपुढे ठेवून, पण त्याचा घाव बसतो तो अडलेल्या माणसावर. मसुदा वाचताना असे एक घर मनात धरावे आणि त्या घरातल्या माणसाला पत्रात पुढची वाट सापडते का, ते पाहावे.

मग शेवटाला एवढे वजन का येते? मानसशास्त्रातला एक प्रसिद्ध प्रयोग या बाबतीत दिशा दाखवतो. १९९३ मध्ये डॅनियल कानमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना हात गार पाण्यात धरायला सांगितले. एकदा ६० सेकंद, १४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात. दुसऱ्यांदा तेवढाच वेळ तसेच, आणि वर आणखी ३० सेकंद, ज्या काळात पाण्याचे तापमान हळूहळू एका अंशाने वाढवले. पुढच्या वेळी यातला कोणता अनुभव पुन्हा घ्याल, असे विचारल्यावर बहुतेकांनी दुसरा निवडला. त्यात त्रास जास्त वेळ होता, तरी त्याचा शेवट सौम्य होता. हा प्रयोग पत्रांवरचा नाही आणि तो जसाच्या तसा पत्रांना लावता येणार नाही. पण अनुभवाची आठवण त्याच्या सरासरीवर ठरत नाही, शेवटाचा त्यात मोठा वाटा असतो, हे त्यातून दिसते. पत्राच्या बाबतीत आणखी एक साधे कारण आहे. काय करायचे हे माणूस शेवटचे वाक्य वाचून झाल्यावर ठरवतो.

यावर काहींचा उपाय असतो की कडक मजकूर काढूनच टाकावा. तो उपाय चालत नाही. परिणाम कळणे हा वाचणाऱ्याचा हक्क आहे. गोरखा सिक्युरिटी सर्व्हिसेसच्या खटल्यात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच अधोरेखित केले. एखाद्याला काळ्या यादीत टाकायचा विचार असेल, तर कारणे दाखवा नोटिशीत तसे स्पष्ट कळले पाहिजे, नाहीतर त्याला बाजू मांडायची खरी संधी मिळत नाही. गोड बोलून परिणाम लपवणारे पत्र म्हणूनच थंड पत्रापेक्षा बरे नसते. कडक गोष्ट सांगायचीच आहे. प्रश्न आहे तो ती कोणत्या आवाजात आणि पत्राच्या कोणत्या भागात सांगायची याचा.

याचे उत्तम मराठी उदाहरण साडेतीनशे वर्षांपूर्वीचे आहे. चिपळूणजवळ दळवटणे इथे छावणीला असलेल्या लष्कराच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना चांगले परिचयाचे आहे. त्यातला मजकूर कडकच आहे. पावसाळ्यासाठी जमवलेला दाणा-वैरण जपून वापरा, नाहीतर ऐन पावसात संपेल, घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. मग तुम्ही कुणब्याकडून धान्य, वैरण, लाकूडफाटा ओढू लागाल आणि तो मुलूख सोडून जाईल. रात्री दिवे जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल.

या पत्राचा शेवटही सौम्य नाही. अपकीर्ती तुमच्यावर येईल, असा इशारा त्यात आहे. तरीही तो इशारा पत्राला जोडल्यासारखा वाटत नाही, कारण सगळे पत्र त्याच आवाजात बोलते. पहिल्यापासून प्रत्येक सूचनेबरोबर तिचे कारण आहे आणि प्रत्येक कारणात ‘तुम्ही’ आहात, कुणबी आहे, घोडी आहेत. कडकपणा सगळ्या पत्रात सारखा पसरलेला आहे. शेवटच्या ओळीपर्यंत येता येता वाचणाऱ्याला तो का आहे, ते कळून चुकलेले असते. मावेजाच्या मसुद्यात नेमके हेच नाही: वर कारण नाही, खाली फक्त परिणाम.

आता मसुदा दुरुस्त करू. मुदत ठरवून, समजा शुक्रवारची, ती दुसऱ्या परिच्छेदात आणायची, शिबिराच्या दिवसाला लागूनच, म्हणजे ती माहिती म्हणून येते. वारसनोंदीची अडचण शेवटच्या परिच्छेदात सोडवायची. ताब्याचे वाक्य काढायचे, कारण ते या पत्राचे नाही. तक्रारीचे वाक्य उलटे करायचे. ‘जबाबदारी’ आणि ‘नोंद घ्यावी’ ही वाक्ये नवी माहिती देत नाहीत, म्हणून तीही जातात. शेवटचा परिच्छेद असा होतो:

“आपण शुक्रवारपर्यंत आला नाहीत आणि आम्हाला काही कळवलेही नाहीत, किंवा वारसांमध्ये वाटणीचा वाद राहिला, तर कायद्याप्रमाणे आम्हाला मावेजाची रक्कम न्यायालयात जमा करावी लागेल. तिथून ती आपल्याला मिळू शकते, पण वेळ जास्त लागतो. वारसनोंद व्हायची असेल, तर अर्जाची पोच दाखवा; नोंद होईपर्यंत आम्ही आपले प्रकरण प्रलंबित ठेवू. मावेजाची रक्कम मान्य नसल्यास न्यायालयात दाद मागता येते. त्याची माहिती शिबिरात मिळेल.”

यात परिणाम तोच आहे, फक्त आता तो कोण करणार हे दिसते. ‘आम्हाला जमा करावी लागेल’ या वाक्याने कार्यालय स्वतः पुढे आले. ‘आपण’ शेवटपर्यंत ‘आपण’च राहिले. परिच्छेद थोडा लांबला आहे, पण त्यामुळे लिपिकाचे काम फारसे वाढत नाही.

या पद्धतीची एक मर्यादा आहे. काही नोटिशींचा मजकूर कायद्याने किंवा नियमांतल्या नमुन्याने ठरलेला असतो. त्यातला शब्द बदलला तर नोटीसच अडचणीत येऊ शकते. तिथे मजकुराला हात लावू नये. नमुना स्वतंत्र कागदावर जसाच्या तसा ठेवावा आणि सोबतच्या पत्रात साध्या मराठीत लिहावे की ही नोटीस कशाची आहे, तिच्यातली मुदत कधी संपते आणि प्रश्न विचारायला कोणाकडे जायचे. नमुन्याचा आवाज पत्रात मिसळू दिला नाही की पत्राचा सूर मोडत नाही.

तपासणीचा क्रमही महत्त्वाचा आहे. वरून खाली वाचणारा हळूहळू मजकुराला सरावतो आणि वळण चुकवतो. म्हणून आधी फक्त शेवटचा परिच्छेद वाचावा, लगेच पहिला वाचावा, आणि मधला भाग झाकून ठेवावा. दोन्ही एकाच माणसाने एकाच माणसाला लिहिल्यासारखे वाटत नसतील, तर मग मधला भाग उघडून सूर कुठून उतरू लागला ते शोधावे. आपल्या मसुद्यात तो दुसऱ्या परिच्छेदातल्या ‘आणावे’पाशीच उतरायला लागला होता. त्यानंतर विषयाशी संबंध नसलेल्या कोणाकडून तरी पत्र मोठ्याने वाचून घ्यावे. अनेक घरांत असे पत्र शाळेत जाणारा मुलगा किंवा मुलगी आजीला वाचून दाखवते. ‘संबंधितांचे काहीएक म्हणणे नाही असे गृहीत धरून’ या जागी वाचणारा अडखळतो आणि ऐकणारी विचारते, ‘म्हणजे काय?’ ती जागा दुरुस्त करायची.

शेवट बदलल्यावर पहिला परिच्छेद पुन्हा पाहावा लागतो. बहुतेकदा तोच आता जास्त वाटतो. ‘पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन सोडणे सोपे नसते’ हे वाक्य खालच्या धमकीची भरपाई म्हणून तिथे आलेले असते. धमकी गेली की त्याची गरज उरत नाही. ते काढून तिथे शिबिराचा वार आणि शुक्रवारची मुदत आणली, तर वाचणाऱ्याला कामाची गोष्ट पहिल्या तीन ओळींतच मिळते. मग दुसऱ्या परिच्छेदात फक्त कागदांची यादी आणि वारसनोंदीची सूचना उरते. पत्र सहीला पाठवताना वर टिप्पणीत एक ओळ टाकावी: ‘शेवटचा परिच्छेद जुन्या पत्रातून घेतलेला नाही, नव्याने लिहिला आहे, कृपया तपासावा.’ म्हणजे सही करणाऱ्याची नजर तिथे थांबते आणि पुढच्या वेळी लिपिक फाइलमधून उचलेल तो परिच्छेदही हाच असेल.